ऑडिओ लायब्ररी की पिक्साबे? व्हिडिओखालच्या संगीताची तुलना

समजा, रावेरच्या केळीबागेतल्या कापणीचा आठ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा आहे. संगीत फुकट हवं आणि क्लेम, म्हणजे संगीतावर दुसऱ्याच्या मालकीचा दावा, नको.

पहिला पर्याय यूट्यूब स्टुडिओतली ऑडिओ लायब्ररी. फिल्टरमध्ये `Attribution not required` निवडा. हे ट्रॅक वापरून कमाईही करता येते, श्रेय लिहावं लागत नाही. `CC` खूण असलेला ट्रॅक घेतलात तर मात्र दिलेला श्रेयाचा मजकूर वर्णनात जसाच्या तसा डकवा. उणीव एवढीच, की निवड मर्यादित आहे आणि तेच ते सूर सगळीकडे ऐकू येतात.

पिक्साबे या फुकट संगीत देणाऱ्या संकेतस्थळावर निवड भरपूर. पण तिथला ट्रॅक फुकट असला तरी कलाकाराने तो कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आवाज जुळवून बघणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेला असू शकतो. मग परवाना असूनही यंत्रणा क्लेम लावते, कारण तिला फक्त आवाज जुळलेला कळतो, तुमचा परवाना दिसत नाही. म्हणून ट्रॅकच्या पानावर `Content ID` ची खूण आहे का ते आधी बघा आणि डाउनलोड करतानाच परवान्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. क्लेम आलाच तर `Dispute` मध्ये परवान्याचं कारण निवडून त्याचा तपशील द्या. दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस असतात. पाच दिवसांच्या आत हरकत घेतली, तर क्लेम लागल्या दिवसापासूनची कमाई निकालापर्यंत राखून ठेवली जाते.

नियमित कमाईच्या चॅनेलला आम्ही लायब्ररीच सुचवू. आणि कानबाईची गाणी पारंपरिक असली, तरी त्यांच्या रेकॉर्डिंगला मालक असतो. बाजारातली ध्वनिफीत लावू नका.