नाव आणि प्रवाह: क्ष मांडायचा की बेरीज धरायची?

संथ पाण्यातला नावेचा वेग दिलेला आहे, प्रवाहाचा वेग दिलेला नाही, आणि सोबत वेळेबद्दल एक वाक्य आहे. या धाटणीच्या गणितात दोन पद्धती चालतात. पहिली शाळेतली: प्रवाहाचा वेग क्ष मानायचा आणि समीकरण सोडवायचं. दुसरीत क्ष येतच नाही. प्रवाहाच्या दिशेचा आणि विरुद्ध दिशेचा वेग मिळवला की बेरीज संथ पाण्यातल्या वेगाच्या बरोबर दुप्पट येते, कारण प्रवाह एकीकडे जेवढा देतो तेवढाच दुसरीकडे काढून घेतो. म्हणजे बेरीज आधीच हातात आहे. फक्त तिचे दोन भाग कसे पडतात ते शोधायचं.

मी सुरुवातीचे बरेच महिने क्षवरच होतो. ती पद्धत वाईट नाही, हे आधीच सांगतो. पण एका सराव पेपरमध्ये जे झालं त्यानंतर मी बाजू बदलली.

गणित असं होतं. नावेचा संथ पाण्यातला वेग ताशी १८ किमी. एका घाटावरून दुसऱ्या घाटाला प्रवाहाच्या दिशेने जायला ४८ मिनिटं लागतात, परत यायला ६० मिनिटं. दोन घाटांमधलं अंतर किती?

मी घाईत लिहिलं: (१८ + क्ष) / (१८ − क्ष) = ४८ / ६०. म्हणजे ४ / ५. तिरका गुणाकार केला: ९० + ५क्ष = ७२ − ४क्ष. त्यातून ९क्ष = −१८, आणि क्ष = −२. चूक साधी होती. अंतर तेच असेल तर जिथे वेळ कमी तिथे वेग जास्त, म्हणून वेळेचं गुणोत्तर उलटं करून घ्यायला हवं होतं. पण त्या क्षणी समोर दिसत होता फक्त उणे दोन. गुणाकारात चिन्ह चुकलं असेल म्हणून मी तीच ओळ दोनदा तपासली. ओळ बरोबर होती, मांडणीच उलटी होती. नंतर अशी उणे उत्तरं मला वारंवार येत गेली. कधी मी उणे चिन्ह मुकाट्याने खोडायचो आणि उत्तर बरोबर यायचं, पण आपण का खोडतोय याची खात्री नसायची. बँकेच्या पूर्वपरीक्षेत ३५ गणितांना २० मिनिटं असतात, म्हणजे एकाला जेमतेम ३४ सेकंद. तिथे अशी शंका परवडत नाही.

आता हेच गणित बेरीज धरून करू. बेरीज ३६. वेळेचं गुणोत्तर ४ : ५, म्हणजे वेगाचे भागही ५ आणि ४, एकूण ९. एक भाग ४. दोन वेग २० आणि १६. यातला मोठा प्रवाहाच्या दिशेचा, लहान विरुद्ध दिशेचा. इथे गुणोत्तर उलटं केलं काय आणि सुलटं ठेवलं काय, आकडे तेच दोन येतात. मोठा कुठे लावायचा हे नावच सांगते, चिन्ह नाही. परत येताना ताशी १६ ने एक तास लागला, म्हणून अंतर १६ किमी. ताळा: ताशी २० ने १६ किमीला ४८ मिनिटं. जमलं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट लक्षात येते. क्ष काढल्यावर तुमच्या हातात येतो प्रवाहाचा वेग, २. प्रश्न मात्र अंतराचा आहे. म्हणजे पुन्हा १८ मधून २ वजा करा, मग वेळेने गुणा. पर्यायांत २ असेल आणि मन थकलेलं असेल तर हात तिथेच जातो, माझा गेलेला आहे. बेरजेच्या वाटेने आधी दोन्ही वेग मिळतात, आणि वेळ, अंतर, प्रवाह यांपैकी काहीही विचारलं तरी पुढे एकच पायरी उरते.

जाऊन-येऊन एकूण वेळ दिली असेल तर मात्र फरक कमी होतो. समजा संथ पाण्यात ताशी १५ किमी, ३० किमी जाऊन परत यायला एकूण साडेचार तास. क्षवाले लिहितील ३० / (१५ + क्ष) + ३० / (१५ − क्ष) = ४.५, आणि त्यातून क्ष² = २५ काढतील. बेरीजवाले म्हणतील: बेरीज ३०, आणि अंतर गुणिले बेरीज भागिले गुणाकार म्हणजे एकूण वेळ. म्हणून गुणाकार = ३० × ३० ÷ ४.५ = २००. बेरीज ३०, गुणाकार २००, तर आकडे २० आणि १०. जोडी पटकन सुचली नाही तर १५ चा वर्ग २२५, त्यातून २०० वजा, उरले २५, वर्गमूळ ५, म्हणजे १५ + ५ आणि १५ − ५. हे म्हणजे क्षचंच समीकरण वेगळ्या कपड्यात, त्यामुळे इथे ज्याला जे हाताला बसेल ते. दोघांनीही एक नजर मात्र टाकावी: प्रवाह नसता तर ६० किमीला ४ तास लागले असते. प्रवाह असताना जाऊन-येऊन वेळ नेहमी त्याहून जास्तच लागते, कारण विरुद्ध दिशेला नाव जास्त वेळ अडकते. उत्तर तपासताना एकूण वेळ ४ तास किंवा कमी आली, तर कुठेतरी चुकलं आहे.

क्ष खरोखर सरस ठरतो ते जाण्याचं आणि येण्याचं अंतर वेगळं असताना. संथ पाण्यात ताशी १० किमी, ३६ किमी प्रवाहाच्या दिशेने आणि २४ किमी विरुद्ध, एकूण ६ तास. बेरीज २० आहे, पण वरचा गुणाकाराचा मार्ग इथे चालत नाही, कारण तो दोन्ही अंतरं सारखी असतील तरच बनतो. मग जोड्या लावून पाहाव्या लागतात. १२ आणि ८ घेतल्यास ३ + ३ = ६ तास, जमतं. पण हा अंदाज आहे, आकडे सोयीचे होते म्हणून लागला. समीकरण मांडलं तर क्ष² = २क्ष येतं, म्हणजे क्ष ० किंवा २. प्रवाह आहे असं प्रश्नातच म्हटलंय, म्हणून २, आणि दुसरं उत्तर उरत नाही याची खात्रीही मिळते. ज्यांना असे प्रश्न जास्त येतात, किंवा ज्यांचा हात समीकरणावर आधीच साफ आहे, त्यांनी केवळ माझ्या सांगण्यावरून पद्धत बदलू नये.

मी स्वतः आता प्रश्न वाचला की कोपऱ्यात आधी संथ वेगाची दुप्पट लिहितो, आणि अंतरं वेगळी दिसली तरच क्ष मांडतो. बेरजेची एकच खोड मला अजून सांभाळावी लागते. २० आणि १६ मधला फरक ४ आहे आणि प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे २. प्रवाहाचा वेग विचारला असेल तर पर्यायांत ४ ठेवलेला असतोच. म्हणून बेरजेशेजारी मी ‘फरकाचा निम्मा’ हेही लिहून ठेवतो.