दुपारी ट्रिप होणारा सोलर: डीपीचा टॅप उतरवावा की इन्व्हर्टर सुधारावेत?

ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हात इन्व्हर्टरच्या ॲपमधला आलेख घुमटासारखा दिसायला हवा. आमच्या मागच्या गल्लीत तो करवतीच्या दातांसारखा दिसायचा आणि अलार्मच्या यादीत `Grid Overvoltage` ची रांग लागलेली असायची. ज्यांच्याकडे हेच चाललंय, त्यांच्यापुढे साधारण दोनच रस्ते असतात: वीज कंपनीकडून डीपीचा टॅप, म्हणजे तिथून निघणारं व्होल्टेज ठरवणारा खटका, एक पायरी उतरवून घ्यायचा, किंवा आपल्या बाजूची केबल आणि इन्व्हर्टरची सेटिंग बदलायची. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

आमची धायरीची रो-हाऊस सोसायटी. ४० घरं, २०० केव्हीएची एक डीपी, २६ गच्च्यांवर सोलर. मागच्या १४ घरांना डीपीपासून १८० मीटरवरच्या फीडर पिलरमधून वीज मिळते. दुपारी घरं रिकामी, एसी बंद, त्यामुळे त्या गल्लीतून साठेक किलोवॅट उलटे डीपीकडे निघतात.

उलट्या प्रवाहाने डीपी जळेल, ही भीती मात्र सोडून द्या. करंट मर्यादेत असेल तर तो कुठल्या दिशेने वाहतोय याचं ट्रान्सफॉर्मरला सोयरसुतक नसतं, आणि आमची डीपी दुपारी अर्धीसुद्धा भरत नाही. प्रश्न व्होल्टेजचा आहे. या डीपी ११ केव्ही ते ४३३ व्होल्टच्या असतात, म्हणजे बिनलोडाच्या एका फेजला २५० व्होल्ट. घरापर्यंत येताना वाटेत थोडे गळणार, हे धरूनच तो आकडा चढा ठेवलेला आहे. सोलरमुळे दुपारी गळती होत नाहीच, उलट भर पडते.

आमचा हिशोब असा होता. दुपारी ११ केव्हीची लाइन १०.८ च्या आसपास असते, म्हणजे डीपीवर साधारण २४५ व्होल्ट. डीपीच्या आत दीड व्होल्टची चढ, पिलरपर्यंतच्या १२० चौरस मिमीच्या ॲल्युमिनियम केबलमध्ये साडेचार, आणि इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतच्या २५ मीटर वायरमध्ये चक्क पाच. ही शेवटची वायर ४ चौरस मिमीची. बसवणाऱ्याने करंट पाहून निवडली होती आणि करंटपुरती ती ठीकच होती. सगळं मिळून इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २५६. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत सुटायचं असतं. आमच्या इन्व्हर्टरमध्ये ही मर्यादा २३० व्होल्टवर काढलेली होती, म्हणजे २५३. एक सुटला की व्होल्टेज उतरतं, बाकीचे तगतात, मिनिटाभराने तो परत जोडला जातो आणि मग दुसरा कोणीतरी सुटतो. करवतीचे दात इथून येतात.

पहिल्यांदा आम्ही टॅपच उतरवून घेतला, कारण त्यात आमच्या खिशाला हात लागत नव्हता. अर्ज, पाठपुरावा, मग एका सकाळी दोन तास शटडाउन. असा टॅप चालू लाइनवर हलवता येत नाही. एका पायरीचे अडीच टक्के, म्हणजे सहा व्होल्ट. दुपारचा आलेख त्याच दिवशी घुमटासारखा झाला आणि गल्लीत पेढे वाटायचेच बाकी राहिले.

तीन दिवसांनी संध्याकाळी सात वाजता पाण्याचा पंप बंद पडला. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले उडाला होता. रीसेट केला, वीस मिनिटांनी परत उडाला. मोटार बदलायची बोलणी सुरू झाली, टँकर मागवला गेला, आणि मग कोणीतरी शहाणपणाने मीटर लावला. आधी त्या वेळी पिलरवर २२९ असायचे, आता २२३ होते. एसीचे दिवस आल्यावर २१६ पर्यंत गेले. व्होल्टेज कमी झालं की मोटार तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, आणि आमचा रिले आधीच घट्ट लावलेला होता.

टॅपशी माझं वाकडं आहे ते एवढ्याचसाठी. त्याला दुपार आणि संध्याकाळ कळत नाही. आम्हाला सहा व्होल्ट कमी हवे होते ते दुपारच्या तीन तासांपुरते, आणि त्याने ते चोवीस तास कापले. पावसाळ्यात, आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत तेव्हाही. ४० पैकी सोलर नसलेली १४ घरंही त्यात विनाकारण भरडली गेली.

मग टॅप पूर्ववत करून घेतला (पुन्हा अर्ज, पुन्हा शटडाउन) आणि आपल्या बाजूने कामाला लागलो. आधी एक सोपी चाचणी. भर दुपारी इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर आणि मीटरजवळ एकाच वेळी व्होल्टेज मोजायचं. दोन्हीत तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दुखणं आपल्याच वायरीत आहे. आमच्या नऊ घरांत तसं निघालं. तिथे १० चौरस मिमीची तांब्याची केबल टाकली. पाचाची चढ दोनावर आली, घरटी खर्च चार आकडी.

उरलेलं काम इन्व्हर्टरच्या व्होल्ट-व्हार सेटिंगने केलं. व्होल्टेज चढायला लागलं की इन्व्हर्टर थोडी रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज, ओढून घेतो आणि डीपीच्या रिॲक्टन्समुळे व्होल्टेज खाली येतं. पॉवर फॅक्टर ०.९ पर्यंत उतरू दिला तर आमच्याकडे तीनेक व्होल्ट मिळतात, पण सगळ्यांनी लावलं तरच. एकट्याने लावून मीटरचा काटाही हलत नाही. केबलचे तीन आणि हे तीन मिळून टॅपच्या एका पायरीइतकेच झाले, फक्त ऊन उतरलं की हे आपोआप नाहीसे होतात.

त्याच्यावर राखण म्हणून व्होल्ट-वॅट. २५१ च्या पुढे उत्पादन हळूहळू कमी करायचं, एकदम सुटायचं नाही. गल्लीच्या टोकाच्या घराला याचा फटका जास्त बसतो, आणि तिथल्या काकांनी मला तो दोन बैठकांत ऐकवला आहे. त्यांचं म्हणणं चूक नाही. तरी ट्रिप होण्यापेक्षा त्यांचे युनिट आता वाढलेच आहेत.

या रस्त्याचा जाच वेगळा आहे. सेटिंगचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे असतो, १४ घरांचे बसवणारे पाच, आणि त्यातल्या एकाने तर सरळ मर्यादा २६४ करून देतो म्हणून सांगितलं. हे करू नका. इन्व्हर्टर गप्प बसेल, पण ते चढलेलं व्होल्टेज शेजारच्या फ्रिजला सोसावं लागेल. सेटिंग बदलताना वीज कंपनीच्या अभियंत्याला कळवून ठेवलेलं बरं.

तुमच्याकडे पहाटे तीनलाही, सोलर झोपलेला असताना, डीपीजवळ २५४ च्या वर दिसत असेल तर मात्र माझं ऐकू नका, टॅपच उतरवून घ्या. तिथे लाइनच चढी आहे. फक्त अर्ज देण्याआधी आठवडाभर संध्याकाळी सात ते दहा पंपाजवळचं व्होल्टेज लिहून ठेवा. आमच्या पंपाच्या खोलीत आता त्यासाठी भिंतीवर एक वही टांगलेली आहे.