लाइटवाला पंखा, दोन स्विच: तिसरी वायर ओढायची की रिमोट बसवायचा?

लाइट असलेला सीलिंग फॅन घरात येतो आणि इलेक्ट्रिशियन छताकडे बघून म्हणतो, "इथं दोनच वायरी आहेत." आपल्याकडच्या बहुतेक घरांत फॅन पॉइंटला बोर्डवरून एक फेज आणि एक न्यूट्रल एवढंच येतं, फार तर जोडीला हिरवी अर्थिंगची वायर. ती फेजही रेग्युलेटरमधून आलेली असते. लाइट त्याच वायरीवर जोडला, तर पंख्याचा वेग कमी केल्यावर तो लुकलुकतो किंवा मंदावतो, आणि पंखा बंद केला की लाइटही जातो. दिवाळीनंतर गारवा सुरू झाला, की लाइटसाठी पंखा फिरवत बसावं लागतं.

यावर चांगले पर्याय दोन आहेत. बोर्डपासून पंख्यापर्यंत आणखी एक वायर ओढायची, किंवा छताशी पंख्याच्या जोडणीवर झाकण म्हणून असते त्या वाटीत रिमोटचा रिसीव्हर बसवायचा. माझा कौल स्पष्टपणे तिसऱ्या वायरीला आहे, पण ती तुमच्या घरात जाईल का, हे छतातला पाइप ठरवतो. म्हणून आधी पाइप तपासा, खरेदी नंतर.

तपासणीआधी त्या सर्किटचा एमसीबी पाडायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, कारण पंखे बहुधा इन्व्हर्टरवरच असतात आणि मेन पाडल्यावरही वायरीत करंट राहतो. टेस्टरने खात्री केल्याशिवाय हात लावू नका. मग बोर्ड उघडून आणि पंख्याची वाटी खाली सरकवून दोन्हीकडची जोडणी सोडवायची. एकाने वर वायरी धरायच्या, दुसऱ्याने बोर्डातून हळू ओढायच्या. चार-पाच इंच मोकळ्या सरकल्या तर पाइप साफ आहे. अजिबात हलल्या नाहीत, तर स्लॅब भरताना पाइपात सिमेंटचं पाणी उतरलंय किंवा एखादा बेंड चेपलाय. तिथं जोर लावू नका, वायर आतच तुटली तर आहे तो पंखाही जाईल. छताच्या डबीत दोनऐवजी चार वायरी दिसल्या, तर तिथून पुढच्या पॉइंटला लूप गेलेला आहे. त्या ओढण्याआधी कुठली वायर कुठं जाते ते शोधून खूण करावी लागते.

समजा जुन्या इमारतीतला वन बीएचके आहे, हॉलमध्ये एकच फॅन पॉइंट, आणि वायरी सरकल्या. मग जुन्या वायरी नव्या ओढायला कामी येतात. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या लाल, पिवळी, काळी आणि हिरवी अशा चार नव्या वायरी जुन्यांच्या टोकाला बांधायच्या. गाठी एकाच ठिकाणी न घेता थोड्या मागेपुढे घ्यायच्या आणि वरून टेप गुळगुळीत गुंडाळायची, म्हणजे बेंडमध्ये अडकत नाही. एकजण वरून वायर सोडतो, दुसरा बोर्डातून ओढतो.

जोडणी सरळ आहे. बोर्डातल्या फेजच्या लूपवरून दोन स्विच घ्यायचे. पहिल्या स्विचमधून रेग्युलेटर आणि तिथून लाल वायर पंख्याला. दुसऱ्या स्विचमधून पिवळी वायर थेट लाइटला, रेग्युलेटरचा संबंध न येता. काळी न्यूट्रल दोघांना मिळून एकच. साधा पंखा 75 वॉटच्या आसपास आणि एलईडी 20-25 वॉट धरला, तर दोन्ही मिळून अर्धा अँपिअरही होत नाही, त्यामुळे एका न्यूट्रलवर काहीच ताण येत नाही.

अट एवढीच, की दोन्ही फेज एकाच सर्किटमधून हव्यात. जवळ पडतं म्हणून पंख्याची फेज इन्व्हर्टरच्या लाइनवरून आणि लाइटची साध्या लाइनवरून घेतली, किंवा करंटची गळती झाली की वीज तोडणारे आरसीसीबी दोघांचे वेगळे असले, तर जाणारा आणि परत येणारा करंट जुळत नाही आणि आरसीसीबी पडत राहतो. दुसरा आडमार्ग यापेक्षा घातक आहे: छतात आलेली हिरवी वायरच लाइटची फेज म्हणून वापरणं. काम पाच मिनिटांत होतं, पण पंख्याच्या बॉडीचं अर्थिंग जातं, आणि पुढं कुणी हिरवी म्हणून निर्धास्त हात लावला तर तो फेजला लागतो. असं सुचवणाऱ्याला काम देऊ नका.

रंगांचा आणखी एक घोळ हमखास होतो. लाइटवाले बरेच पंखे अमेरिकन पद्धतीच्या रंगांत येतात: काळी पंख्याची फेज, निळी लाइटची फेज, पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, म्हणून सवयीने काळीला काळी जोडली जाते आणि पांढरीला फेज. पंखा तरीही फिरतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण पंखा बंद असताना लाइट लागतो आणि पंखा पूर्ण वेगात सुरू केला की विझतो, कारण तेव्हा लाइटच्या दोन्ही टोकांना फेजच मिळते. असं दिसलं तर लाइट बदलू नका, वाटी उघडून काळी-पांढरी बघा. डब्यातला नकाशा वेगळे रंग सांगत असेल, तर नकाशा खरा.

पाइप बंद असेल किंवा घर भाड्याचं असेल, तर रिमोट हा शहाणा पर्याय आहे. रिसीव्हरला आत फेज आणि न्यूट्रल लागतात, बाहेर पंखा, लाइट आणि न्यूट्रल निघतात. आहेत त्या दोन वायरींत काम होतं, भिंतीला हात लागत नाही. त्रास वापरात होतो. भिंतीवरचा स्विच बंद केला की दोन्ही जातं. वीज जाऊन आली, की कुठल्या स्थितीत सुरू व्हायचं ते रिसीव्हर ठरवतो, आणि काही मॉडेलांत रात्री दोन वाजता लाइट लागतो. रिसीव्हर बिघडला तर पंखा आणि लाइट दोन्ही एकदम बंद. घरात वयस्कर माणसं असतील, तर अंधारात रिमोट शोधण्यापेक्षा भिंतीवरचा स्विच कधीही बरा.

रिसीव्हर घेताना तो 230 व्होल्टचा आणि साध्या मोटरचाच आहे ना ते बघा. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरच्या पंख्याला तो चालत नाही. वाटीची आतली मापंही घ्या, कारण आपल्या पंख्यांच्या वाट्या लहान असतात आणि रिसीव्हर दाबून बसवला की वायरी चेपतात.

नवीनच पंखा घ्यायचा असेल, तर लाइटसकटचा बीएलडीसी दोन वायरींवर चालतो, रिमोट सोबत येतो आणि वीजही निम्म्याहून कमी लागते. पण भिंतीवर वेगळा स्विच हवा हा हट्ट असेल, तर तो यात सहसा पुरा होत नाही. छतावरून केसिंग पट्टी टाकून तिसरी वायर नेणं हा मार्गही आहे; दिसायला बरं नाही, पण पक्कं.

रिसीव्हर असो की बीएलडीसी, जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून स्विचची वायर थेट पुढं न्यावी लागते. नुसता पूर्ण वेगावर ठेवून चालत नाही, कुणीतरी तो फिरवतंच, आणि मग रिसीव्हर गुणगुणतो किंवा मध्येच बंद पडतो. त्या जागी कोरी प्लेट बसवून घ्या.