पत्रावरील गोल शिक्का काढून खालची अक्षरे वाचायची असतील तर: चॅनेल, हाताचे काम की इन्फ्रारेड?

जुन्या पत्रावर नेमक्या कामाच्या ओळीवर गोल शिक्का मारलेला असतो आणि त्याखालचा गट क्रमांक किंवा रक्कम वाचता येत नाही, ही अडचण जमिनीची किंवा संस्थेची कागदपत्रे चाळणाऱ्या कोणालाही अपरिचित नाही. स्कॅन हाती असेल तर तीन मार्ग उरतात: रंगाच्या आधाराने शिक्का वेगळा काढणे, झाकलेली अक्षरे हाताने पुन्हा बांधणे, आणि मूळ कागद उपलब्ध असल्यास इन्फ्रारेड प्रकाशात त्याचे छायाचित्र घेणे. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा, हे शिक्का किती मोठा किंवा गडद आहे यापेक्षा त्याची शाई आणि छपाईची शाई यांच्या रंगांत फरक आहे की नाही, यावर ठरते. आपल्याकडील बहुतेक कार्यालयीन शिक्के जांभळे किंवा निळे असतात आणि छपाई काळी असते, त्यामुळे पहिला मार्ग बहुधा पुरतो. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मात्र पुष्कळदा दुसऱ्या मार्गापासूनच सुरुवात होते.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. शिक्का हा दस्तऐवजाचाच भाग आहे. तो काढलेले चित्र वाचनासाठी, टिपण करण्यासाठी किंवा संगणकावर मजकूर उतरवण्यासाठी वापरावे, मूळ पत्राची प्रत म्हणून कोठेही सादर करू नये. कार्यालयात किंवा न्यायालयात पत्र द्यायचे असल्यास संबंधित कार्यालयातून प्रमाणित नक्कल मागणे हाच योग्य मार्ग आहे.

उदाहरणासाठी दिंडोरी तालुक्यातील एका पाणीवापर संस्थेने सभासदाला पाठवलेले, लेझर प्रिंटरवर छापलेले पत्र घेऊ. कागद पिवळसर पडला आहे, सुमारे चार सेंटिमीटर व्यासाचा जांभळा शिक्का शेवटच्या दोन ओळींवर उमटला आहे आणि त्याच्या कडेखाली ‘गट क्रमांक ३६४, क्षेत्र ०.९० हेक्टर’ एवढा मजकूर अडकला आहे. स्कॅनमधील प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मूल्ये असतात, शून्य म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. यांपैकी एकाच रंगाची मूल्ये घेऊन बनणारे करडे चित्र म्हणजे त्या रंगाचा चॅनेल किंवा घटक. या पत्रात कागदाची मूल्ये साधारण २३८, २३०, २०८ अशी आहेत, शिक्क्याची १२८, ९२, १७० आणि छापील अक्षरांची पंचेचाळीसच्या आसपास, तिन्ही सारखी. जांभळी शाई हिरवा उजेड सर्वांत जास्त शोषते आणि निळा सर्वांत कमी, म्हणून हिरव्या चॅनेलमध्ये शिक्का जवळजवळ अक्षरांइतका गडद दिसतो, तर निळ्या चॅनेलमध्ये तो १७० वर, म्हणजे कागदाच्या २०८ पासून थोड्याच अंतरावर राहतो. काळी अक्षरे मात्र तेथेही काळीच असतात, आणि शिक्का त्यांच्यावरून गेला असला तरी काळ्यावर पडलेली जांभळी शाई त्यांना उजळ करू शकत नाही. येथे पिवळेपणाही उपयोगी पडतो: जुना कागद निळ्या चॅनेलमध्ये मुळातच काळवंडलेला असल्यामुळे शिक्का त्यात अधिक सहज मिसळून जातो. तांबूस डाग पडलेल्या कागदावर हीच गोष्ट उलटते, कारण ते डागही याच चॅनेलमध्ये सर्वांत ठळक दिसतात.

जिम्प या मोफत प्रोग्राममध्ये हे काम `Colors > Components > Extract Component` येथून निळा घटक निवडून होते. आज्ञा लिहून काम करणाऱ्यांना इमेजमॅजिकच्या दोन ओळी पुरेशा आहेत:

```
magick patra.png -channel B -separate +channel nila.png
magick nila.png -level 27%,63% vachniya.png
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की सुमारे ७० पर्यंतचे सारे पूर्ण काळे करावे आणि १६० च्या वरचे सारे पूर्ण पांढरे. शिक्क्याचा सपाट भाग १७० वर असल्याने तो नाहीसा होतो. अडचण कडेला येते. रबरी शिक्का दाबला की शाई बाहेरच्या वर्तुळाच्या काठाशी साचते, तेथे निळे मूल्य १३५ पर्यंत उतरते आणि पांढऱ्या पानावर एक फिकट करडी कमान शिल्लक राहते. ती घालवण्यासाठी सीमा १३० वर आणली तर कमान जाते, परंतु अक्षरांच्या कडेचे करडे बिंदूही तिच्याबरोबर जातात, शिरोरेषा बारीक होते आणि अनुस्वार किंवा दशांश चिन्ह पुसले जाण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून ही कडक सीमा संपूर्ण पानाला लावू नये. केवळ कमानीचा पट्टा निवडून तेवढ्यालाच लावावी आणि उरलेले पान १६० वरच ठेवावे. हे करण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण हा मार्ग अर्धवट सोडून हाताच्या कामाकडे वळणारे लोक बहुधा या एका टप्प्यापाशी थांबलेले असतात.

शिक्क्याचा रंग बदलला की चॅनेलही बदलतो: लाल शिक्क्यासाठी लाल घटक घ्यावा, निळ्यासाठी निळा. हिरव्या शाईचे शिक्के क्वचित आढळतात, त्यांना हिरवा घटक लागू पडतो.

हा मार्ग फसतो तो बहुतेक वेळा स्कॅनमुळे. जेपीईजी साठवताना रंगाची माहिती सहसा चार बिंदूंमागे एकदाच ठेवली जाते. उजेडाची माहिती पूर्ण राहते, पण शिक्क्याचा जांभळेपणा शेजारच्या काळ्या अक्षरात आणि काळेपणा शिक्क्यात पसरतो, आणि चॅनेल वेगळा केल्यावर अक्षरांभोवती धुरकट किनार दिसते. मोबाइलवरील स्कॅनिंगची अ‍ॅप्स त्याहून घातक ठरतात, कारण त्यांचा ‘दस्तऐवज’ फिल्टर रंगच काढून टाकतो आणि मग वेगळे करण्यासारखे काही उरत नाही. फ्लॅटबेड स्कॅनरवर चोवीस बिट रंगात, ६०० डीपीआयवर, पीएनजी किंवा टिफ स्वरूपात आणि अक्षरे ठळक करण्याची सोय बंद ठेवून स्कॅन करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवायची असल्यास फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

दुसरा मार्ग म्हणजे हाताने अक्षरे बांधणे. नाशिकमध्ये जिल्हा न्यायालयाच्या आसपासच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत हे काम सांगितले की दोन प्रकारची उत्तरे मिळतात, आणि त्यांतील फरक ग्राहकाने ओळखला पाहिजे. पहिल्या प्रकारात शिक्क्याचा भाग पुसून त्या जागी मजकूर नव्याने टाइप केला जातो. जुने पत्र श्री-लिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टमध्ये छापलेले असल्यास नवी अक्षरे लगेच वेगळी दिसतात. तथापि दिसण्यापेक्षा मोठा दोष हा की टाइप करणाऱ्याने जे वाचले तेच पानावर येते, कागदावर काय होते ते नव्हे. दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक आहे: त्याच पत्रातील शिक्क्याबाहेरचा ‘क्ष’ किंवा ‘त्र’ उचलून, शिरोरेषेशी जुळवून, अर्धवट दिसणाऱ्या अक्षरावर स्वतंत्र थरात बसवणे. चॅनेल वेगळा केल्यावरही एखाद्या अक्षराचा निम्मा भाग फिकट राहिला असेल तर ही पद्धत उत्तम काम देते, कारण उरलेल्या रेघा बसवलेल्या अक्षराशी जुळतात की नाही हे तपासता येते. पार्श्वभूमी पाहून आपोआप भरणारे ‘हील’ साधन मात्र येथे वापरू नये. त्याला अक्षर आणि शाईचा डाग यांतील भेद कळत नाही, आणि मोकळ्या कागदाचा तुकडा ते निर्धास्तपणे काना-मात्रेवर चढवते.

शब्दांच्या बाबतीत भाषा मदतीला येते. ‘हेक्ट’ एवढे वाचता आले की पुढचा ‘र’ गृहीत धरता येतो. अंकांच्या बाबतीत तसा आधार नाही. ‘३६४’ मधील ‘६’ वर्तुळाच्या कडेखाली असेल तर तो ‘३’ही असू शकतो, आणि गट क्रमांक ३३४ तितकाच संभवनीय असतो. माझे मत असे आहे की अंक हाताने कधीही बांधू नयेत. चॅनेलमधून स्पष्ट वाचता आला तर घ्यावा, नाहीतर ती जागा रिकामी सोडून तशी नोंद करावी.

एखादी खूण छपाईची आहे की शिक्क्याची, हे ठरवण्याची एक सोपी तपासणी आहे. निळ्या घटकातून हिरवा घटक वजा केला की कागद आणि काळी अक्षरे दोन्ही शून्याजवळ येतात, तर शिक्क्यात १७० वजा ९२, म्हणजे ७८ उरतात. अशा प्रकारे केवळ शिक्क्याचे चित्र मिळते. ते साफ केलेल्या पानावर अर्धपारदर्शक ठेवून पाहिले की वर्तुळाच्या काठावरील ठिपका आणि ‘०.९०’ मधील दशांश चिन्ह वेगवेगळे दिसतात. आपल्या पत्रात शिक्क्याच्या आतील गोल मजकुरातील अनुस्वार याच ओळीत येतात, म्हणून ही तपासणी टाळता येण्यासारखी नाही: दशांश चिन्हाच्या जागी या चित्रात ठिपका उजळला तर ते चिन्ह शिक्क्याचे आहे, आणि तेथे अंधार असला तर छापील आहे.

शिक्का काळ्या शाईचा असेल तर वरील सारे निरुपयोगी ठरते, कारण तिन्ही चॅनेलांत तो अक्षरांइतकाच काळा असतो. तेव्हा मूळ कागद हाती असणाऱ्यासाठी इन्फ्रारेडचा मार्ग उरतो. लेझर प्रिंटरच्या काळ्या टोनरमध्ये आणि ऑफसेटच्या काळ्या शाईत कार्बन असतो आणि तो इन्फ्रारेड शोषतो. शिक्क्यांच्या डायवर, म्हणजे विरघळणाऱ्या रंजकद्रव्यावर आधारित शाया मात्र या प्रकाशात बहुधा पारदर्शक होतात, त्यामुळे डोळ्यांना सारखे काळे दिसणारे दोन थर वेगळे होतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत यासाठी खास उपकरणे असतात. घरगुती पातळीवर रात्री पाहू शकणारा सीसीटीव्ही कॅमेरा अंधाऱ्या खोलीत, स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात पत्रावर रोखून प्राथमिक चाचणी करता येते. त्याची स्पष्टता बारीक अक्षरांना अपुरी पडते, पण शिक्का नाहीसा होतो की नाही एवढे तरी कळते. दोन प्रसंगी हा मार्ग अपयशी ठरतो. शिक्क्याच्या शाईतच कार्बन असेल तर दोन्ही थर काळे राहतात, आणि पत्र रंजकद्रव्याच्या काळ्या शाईने इंकजेटवर छापलेले असेल तर शिक्क्याबरोबर मजकूरही अदृश्य होतो. पत्राच्या शिक्क्याबाहेरील एखाद्या ओळीवर आधी कॅमेरा धरून ती दिसते का हे पाहिले, तर दुसरी शक्यता मिनिटाभरात निकालात निघते.

केवळ स्कॅन हाती आहे आणि शिक्का काळा आहे, अशी स्थिती असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी मूळ पत्राचा किंवा संस्थेच्या जावक फाइलमधील स्थळप्रतीचा शोध घ्यावा. स्थळप्रतीवर शिक्का अनेकदा वेगळ्या जागी मारलेला असतो, काही वेळा मारलेलाच नसतो.