सरकती पट्टी काढली, चेहरे ताणले नाहीत: ffmpeg चा काही महिन्यांचा अनुभव

वृत्तवाहिन्यांवरच्या मुलाखती रेकॉर्ड करून जपणं हा माझा छंद. खालून सतत सरकणारी बातम्यांची पट्टी मुलाखत बघताना फार खटकते. ती काढायला काही महिने ffmpeg वापरतोय आणि आता दुसरं काही वापरावंसं वाटत नाही.

समजा, चित्र 1920×1080 आहे आणि पट्टी 120 पिक्सेल उंच. फक्त खालून कापून उरलेलं पुन्हा 1080 पर्यंत वाढवलं, तर चित्र फक्त उंचीत ताणलं जातं आणि चेहरे लांबुळके होतात. म्हणून जितकी उंची जाईल, त्याच प्रमाणात रुंदीही जाऊ द्यायची. मी 126 पिक्सेल कापतो. उरतात 954, आणि 16:9 प्रमाणात त्याची रुंदी बरोबर 1696 येते. जास्तीचे सहा पिक्सेल मुद्दाम कापायचे, कारण रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. त्यामुळे लाल पट्टीचा रंग तिच्या कडेच्या थोडा वर झिरपतो. नेमकं 120 वर कापलं तर तळाशी गुलाबीसर रेघ राहते.

```
ffmpeg -i in.ts -vf "bwdif,crop=1696:954:112:0,scale=1920:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 18 -c:a copy out.mkv
```

यातला 112 म्हणजे डावीकडून कापायचे पिक्सेल. तेवढेच उजवीकडूनही जातात. वाहिनीचा लोगो उजव्या कोपऱ्यात असेल तर तो अर्धवट कापला जाण्याची शक्यता असते, आणि ते पट्टीपेक्षाही वाईट दिसतं. तिथे 112 च्या जागी 0 टाकला की सगळे 224 पिक्सेल उजवीकडूनच जातात, आणि लोगो तेवढ्या जागेत बसत असेल तर तोही जातो. मात्र उजवीकडे बसलेला माणूस कडेला चिकटत नाही ना, हे आधी एखाद्या फ्रेमवर बघावं.

`bwdif` सगळ्यात आधी हवंच, अर्थात रेकॉर्डिंग इंटरलेस्ड असेल तर. ते न करता आकार वाढवला तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि हात हलला की कंगव्यासारखे दाते दिसतात. नंतर ते नीट निघत नाहीत.

जुन्या 720×576 रेकॉर्डिंगला मात्र हीच आज्ञा देऊ नका. तिथले पिक्सेल चौरस नसतात, आणि `setsar=1` ने चित्र चेपतं. त्यात पट्टी 64 पिक्सेलच्या आत असेल तर `crop=640:512:40:0` घेऊन परत 720×576 करायचं आणि `setsar` गाळायचं. तपासायला एखादं गोल घड्याळ किंवा बोधचिन्ह पडद्यावर आलं की थांबवून बघा. ते गोलच दिसलं पाहिजे.

मर्यादा आहेतच. वरच्या उदाहरणात चित्राचा साधारण 22 टक्के भाग कायमचा जातो, आणि आकार वाढवून नवा तपशील येत नाही. त्यामुळे मूळ फाइल मी कधीच पुसत नाही. ठळक बातमीसाठी पट्टी मध्येच दुप्पट उंच झाली, तर तेवढा तुकडा मी तसाच ठेवतो, कारण त्यासाठी सगळी मुलाखत आणखी कापणं मला पटत नाही.