आधी सहा ओळींचा ब्रीफ, मग प्रॉम्प्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या दुकानांसाठी मी जाहिरातीची चित्रं करते. आठ महिन्यांपूर्वी एक सवय लावून घेतली. एआयला चित्राचा प्रॉम्प्ट लिहिण्याआधी दुकानदाराच्या उत्तरांतून सहा ओळींचा ब्रीफ तयार करायचा आणि तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांनी होकार दिल्याशिवाय प्रॉम्प्टला हात लावायचा नाही.

सुरुवात एका फरसाणवाल्या काकांपासून झाली. त्यांना लीलो चेवड्याची जाहिरात हवी होती. "काका, चित्र कसं हवं?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "एकदम रॉयल पाहिजे." मी 'royal' आणि 'green chivda' असे शब्द टाकले. राजस्थानी महाल आला, पितळी ताट आलं आणि ताटात पोपटी रंगाचे पोहे आले. काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, हा आपला चेवडा नाही." गुजरातीत 'लीलो' म्हणजे हिरवा, तसाच ओला, ताजाही. इथे अर्थ ओला. बटाटा आणि भिजवलेली चण्याची डाळ तळून केलेला हा चेवडा मऊ आणि पिवळसर असतो, त्यात पोहे नसतात. प्रश्नच चुकीचा होता, त्यामुळे त्यानंतर केलेली पंचवीस-तीस चित्रं फुकट गेली.

आता 'कसं हवं' हे मी विचारतच नाही. काउंटरवर काय घडतं ते विचारते. काल शेवटचं गिऱ्हाईक काय घेऊन गेलं? लोक आधी काय विचारतात? काय दिसलं तर तुम्ही म्हणाल, हे आमचं दुकान नाही? काका लगेच बोलायला लागले. "लोक विचारतात, मुंबईपर्यंत टिकेल का? मी सांगतो, तीन दिवसांत संपवा. सुका हवा असेल तर दुसरीकडे जा." सगळी जाहिरात या उत्तरात होती. 'रॉयल'चा अर्थही विचारला, तेव्हा ते म्हणाले, "स्वच्छ ताट, गर्दी नको."

त्यातून हा ब्रीफ झाला:

कोणासाठी: गाडी पकडण्याआधी अर्धा किलो बांधून नेणारा.
एकच गोष्ट: चेवडा ओलसर आहे.
कशावरून दिसेल: डाळीला चिकटलेला बटाट्याचा कीस, मिरचीचे तुकडे, मनुका, स्टीलचं ताट.
कुठे लागणार: व्हॉट्सअॅप स्टेटस, उभं, वरचा तिसरा भाग अक्षरांसाठी मोकळा.
नको: पोहे, पोपटी रंग, महाल.
खरा फोटो की बनवलेलं: अजून ठरलं नाही.

प्रत्येक ओळ तपासताना मी एकच बघते: चित्रात त्यावर बोट ठेवता येईल का? 'रॉयल'वर येत नाही, स्टीलच्या ताटावर येतं. शेवटची ओळ मी नंतर वाढवली आणि माझ्या मते तीच सगळ्यात उपयोगी आहे. ब्रीफ इतका स्पष्ट असूनही चेवडा पुन्हा पोह्यांसारखाच आला. 'नको' लिहिलेली वस्तूही कधी कधी उमटते, तेव्हा हवं ते नेमकं सांगणं जास्त कामाला येतं. पण हा चेवडा शब्दांनी काही जमेना. शिवाय विकायचा माल बनावट दाखवणं मला पटत नाही, घरी डबा उघडल्यावर गिऱ्हाइकाला फरक कळतोच. म्हणून सकाळी आठला काकांच्या खिडकीपाशी खऱ्या ताटाचा फोटो काढला आणि फक्त मागची बाजू बनवून घेतली:

```
plain warm off-white wall, soft morning window light
from the left, steel counter edge at the bottom,
upper third empty, no food, no text, vertical 9:16
```

तिसऱ्या प्रयत्नात हवं ते मिळालं. अक्षरं मी नेहमी वेगळी बसवते, कारण चित्रातच लिहून घेतलेली गुजराती किंवा मराठी अक्षरं बरेचदा मोडकी येतात.

या पद्धतीत एक धोका आहे, तो म्हणजे रिकामी जागा आपणच भरणं. एका ड्रेस मटेरियलच्या दुकानात ताई म्हणाल्या, "आमच्याकडे फॅमिली येते." मी ब्रीफमध्ये आई, वडील आणि दोन मुलं लिहिली. वाचून दाखवायच्या गडबडीत ती ओळ निसटली आणि चित्र छापून झालं. मग कळलं की त्यांच्याकडे सासू-सून जोडीनं येतात. तेव्हापासून दुकानदाराचे शब्द अवतरणचिन्हात लिहिते, माझे अंदाज वेगळ्या रंगात. वाचताना आधी रंगीत शब्दांवर थांबते आणि विचारते, "हे मी धरलंय, बरोबर आहे का?"

वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटं गप्पा आणि दहा मिनिटं लिखाण. घाईच्या दिवाळीतही मी हे सोडलं नाही. आधी एका कामाला तीसेक चित्रं लागायची, आता पाच-सहा. नुसती 'आज दुकान बंद' अशी पाटी असेल तर मात्र एवढं करत नाही.

गेल्या आठवड्यात काकांकडे भाकरवडीचं काम होतं. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "लिहून घे. कापलेली दाखव, आतला मसाला दिसला पाहिजे. आणि ताट तेच."