नाळ थांबून कापायची की लगेच?

बाळ रडलं, हातपाय हलवतंय, तर घाई कशाला? ते आईच्या पोटावर ठेवून पुसायचं, ओला कपडा बदलायचा आणि नाळ 1 ते 3 मिनिटं तशीच राहू द्यायची. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे येतं, पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो. नाळेचे ठोके बोटांना जाणवत असतात, पण मी बघते ते घड्याळच.

बाळ निपचित असेल तर? पुसणं हीच पहिली चेतना. पुसून झालं, पाठीच्या कण्यालगत दोन-तीनदा चोळलं, तरी श्वास नाही किंवा नुसती उचकी लागल्यासारखा येतोय, तर नाळ लगेच कापायची. इथे थांबण्याचा मोह घातक, चोळतच राहण्याचाही. डोकं किंचित मागे, मास्क घट्ट, आणि पहिल्या मिनिटातच बॅगने श्वास सुरू. छाती उचलली जात नसेल तर आधी मास्क आणि मान नीट करायची. हृदयाचे ठोके वाढू लागले की श्वास पोचतोय म्हणायचं. रंगावर जाऊ नका, निरोगी बाळही सुरुवातीला निळसरच असतं.